स्मरणपत्रे किती आणि केव्हा?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो असा : अर्ज केला, उत्तर आले नाही, तर पुन्हा किती वेळा लिहावे आणि दोन पत्रांमध्ये किती दिवस जाऊ द्यावेत? विषय ऐकून काही जणी हसल्या. पण हाच प्रश्न घेऊन आपल्यापैकी निदान दहाजणी माझ्या ओट्यावर येऊन बसल्या आहेत. माझी नोकरीची वर्षे कचेरीतल्या आवक-जावक मेजापाशी गेली, म्हणून त्या माझ्याकडे येतात. आज त्या सर्वांना एकदमच उत्तर देते.

उत्तर आधी सांगून टाकते, म्हणजे मधेच कुणाला दूध तापवायला जावे लागले तरी हरकत नाही. एका मेजाकडे मूळ अर्ज आणि दोन स्मरणपत्रे, एवढेच कागद पाठवावेत. तिसरे स्मरणपत्र त्या मेजाकडे लिहू नये. चौथा कागद त्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे जावा. दोन कागदांमधले अंतर आपल्या मनाच्या तगमगीवर मोजायचे नसते. आपला कागद ज्या पायरीवर आहे त्या पायरीला नियमाने किती दिवस लागतात, ते पाहून अंतर ठरवायचे. आता हे असे का, ते सांगते.

कचेरीत कागद गेला म्हणजे तो कुणाच्या तरी खणात पडून राहतो, अशी आपली समजूत असते. काही वेळा ती खरीही असते. पण आपल्या महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत सहा गठ्ठ्यांची पद्धत म्हणून एक जुनी रीत आहे. कारकुनाने आपल्याकडचे कागद सहा गठ्ठ्यांत लावून ठेवायचे असतात. त्यांतले चार गठ्ठे आपल्या कामाचे नाहीत. नियतकालिक तक्ते, कायमचे आदेश, दप्तरखान्यात धाडायचे कागद आणि नष्ट करायचे कागद, असे ते चार. उरलेले दोन मात्र नीट लक्षात ठेवा. एका गठ्ठ्यात ज्यांवर त्या कारकुनाने स्वतः काम करायचे आहे ती प्रकरणे असतात. दुसऱ्याला म्हणतात प्रतीक्षाधीन प्रकरणांचा गठ्ठा. त्यात कारकुनाने आपले काम करून दुसऱ्या कुणाकडे अहवाल मागितलेला असतो आणि तो उत्तराची वाट पाहत असतो.

या दोन गठ्ठ्यांतला फरक कळला की अर्धा विषय संपला. कागद पहिल्या गठ्ठ्यात असेल तर आपले स्मरणपत्र योग्य माणसाला पोचते. तो प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात असेल, तर त्या कारकुनाला दहा स्मरणपत्रे लिहिली तरी त्याच्या हातात काही नसते. फार तर तो पुढच्याला एक स्मरणपत्र लिहील, आणि आपले पत्र त्याच गठ्ठ्यात वरच्या अंगाला ठेवील. म्हणून स्मरणपत्र लिहिण्यापूर्वी एक चक्कर मारून एकच प्रश्न विचारायचा : "भाऊसाहेब, आमचा कागद तुमच्याकडे आहे, की तुम्ही कुणाची वाट पाहता आहात?" "आमचे काम कधी होणार?" असे विचारू नये. त्या प्रश्नाला "होईल" यापलीकडे उत्तर नसते.

आता दिवसांचा हिशेब. महाराष्ट्रात शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा 2005 चा एक कायदा आहे. बदल्यांचे विनियमनही त्याच कायद्यात आहे, त्यामुळे पुष्कळांना तो बदल्यांचा कायदा म्हणूनच ठाऊक असतो. त्याच्या 10व्या कलमात सांगितले आहे, की कोणत्याही शासकीय कर्मचाऱ्याकडे फाइल सामान्यतः कामाच्या 7 दिवसांपेक्षा अधिक काळ राहू नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवण्याची गरज नसेल तर 45 दिवसांत निर्णय व्हावा, आणि दुसऱ्या विभागाकडे जावे लागत असेल तर तीन महिन्यांत. हे आकडे मला फार उपयोगी वाटतात. एका मेजाला कामाचे 7 दिवस, हे आपले अंतराचे माप. त्याच्या आत लिहिलेले स्मरणपत्र म्हणजे पीठ मळता मळता पोळी मागणे. 45 दिवस हे आपले बाहेरचे कुंपण. ते ओलांडले की त्या मेजाशी बोलणे थांबवून वर जायचे. फेब्रुवारी 2020 च्या अखेरीपासून राज्य शासनाच्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा आहे, तेव्हा कामाचे 7 दिवस मोजताना शनिवार-रविवार आणि सणाच्या सुट्या वगळा. म्हणजे सुमारे दहा-अकरा दिवस होतात.

हे सगळे कोरडे वाटेल, म्हणून एक उदाहरण तारखांसह सांगते. आपल्या शिराळ्याचीच माहेरवाशीण, दुसऱ्या तालुक्यात दिलेली. गावाचे नाव सांगत नाही, कारण त्यात कुणाची बदनामी करण्याचा हेतू नाही. एप्रिल 2025 मध्ये तिचे यजमान वारले. सव्वा एकर जमीन त्यांच्या नावावर. दोन मुले लहान. सातबाऱ्यावर वारसांची नावे लागल्याशिवाय सोसायटी पीककर्जाला उभे करीना. ती माझ्याकडे आली तेव्हा पुतण्याने तिला पाच अर्ज एकदम लिहून दिले होते. एक तलाठ्याला, एक तहसीलदारांना, एक प्रांतांना, एक कलेक्टरांना आणि एक थेट मंत्र्यांना. (तलाठी म्हणायची आपली जीभ जात नाही. 2024 पासून त्या पदाचे नाव ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे.)

मी म्हटले, "बाई गं, यातले चार अर्ज चुलीत घाल." ती घाबरली. तिला मी समजावून सांगितले ते असे. कलेक्टर कचेरीतला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी प्रांतांकडे येतो. तिथून तहसीलदारांकडे, तिथून मंडळ अधिकाऱ्याकडे आणि शेवटी त्याच तलाठ्याच्या पुढ्यात. वरच्या प्रत्येक कचेरीत तो प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात जाऊन बसतो. एका वारस नोंदीचे पाच कागद तलाठ्याच्या मेजावर जमतात. पाचांना पाच वेगळे क्रमांक असतात, आणि आधी नोंद करावी की आधी वरच्या चार पत्रांना उत्तरे द्यावीत, अशी त्याची अवस्था होते. शिवाय खरीच वर जायची वेळ येते तेव्हा वरच्या कचेरीला आपले नाव आधीच जुने झालेले असते.

तेव्हा सोमवार, 2 जून 2025 रोजी एकच अर्ज तलाठ्याकडे दिला. सोबत मृत्यूचा दाखला, वारसांबद्दलचे शपथपत्र, सातबारा आणि आठ-अ चा उतारा जोडला. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि आवक क्रमांक घेतला. ही पोच म्हणजे पुढच्या सगळ्या स्मरणपत्रांचा पाया. ती नसेल तर पुढचे प्रत्येक पत्र पहिलेच पत्र ठरते.

वारस नोंदीच्या पायऱ्या अशा असतात. प्रथम गाव नमुना 6-क, म्हणजे वारस नोंदवही, तिच्यात नोंद होते. मग चौकशी होते, आणि वारस कोण ते मंडळ अधिकारी ठरवतात. त्यानंतर गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद घेतली जाते. मग संबंधितांना नमुना 9 ची नोटीस निघते. ती मिळाल्यावर हरकतीसाठी 15 दिवस मोकळे सोडावे लागतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, आणि मग सातबाऱ्यावर नावे चढतात. आता यांतली बरीचशी नोंद संगणकावर होते, पण पायऱ्या त्याच आहेत.

कामाचे 7 दिवस 11 जूनला संपले. 12 जूनला ती गेली आणि शिकवलेला प्रश्न विचारला. उत्तर मिळाले, वारस नोंदवहीत नोंद घेतली आहे, चौकशी बाकी आहे. म्हणजे कागद एक पायरी पुढे सरकला होता. तेव्हा स्मरणपत्र लिहिले नाही. हे विसरू नका. कागद सरकत असेल तर मोजणी त्या दिवसापासून नव्याने सुरू करायची. पुन्हा 7 दिवस दिले. 24 जूनला ती गेली, तेव्हा कागद होता तिथेच, आणि उत्तर "बघू" एवढेच. त्याच दिवशी पहिले स्मरणपत्र दिले. त्याचा मजकूर मी तिला लिहून दिला होता, तो वाचून दाखवते :

"विषय : वारस नोंदीबाबत, स्मरणपत्र पहिले. संदर्भ : माझा दिनांक 2 जून 2025 चा अर्ज, आपला आवक क्रमांक अमुक. वरील अर्जान्वये वारस नोंदवहीत नोंद झाल्याचे दिनांक 12 जून रोजी समजले. पुढील चौकशी कोणत्या तारखेस आहे ते कळवावे, म्हणजे वारस व साक्षीदार यांना हजर ठेवता येईल. मूळ अर्जाची प्रत सोबत जोडली आहे."

यात दोन गोष्टी पाहा. एक म्हणजे संदर्भाची ओळ. आवक कारकुनापुढे दिवसाला ढीगभर कागद येतात. आपल्या पत्रावर जुना क्रमांक नसेल तर तो नवा क्रमांक टाकून नवे प्रकरण उघडतो, आणि मूळ अर्ज एकीकडे, स्मरणपत्र दुसरीकडे असे होते. असे झाले आहे हे ओळखण्याची खूण अशी, की कचेरीतून उत्तर येते त्यात फक्त आपल्या शेवटच्या पत्राचा उल्लेख असतो, आणि आपण दोन महिन्यांपूर्वी दिलेलेच कागद पुन्हा मागितलेले असतात. तसे दिसले तर तिसरे पत्र लिहू नका. पोच घेऊन स्वतः जा आणि दोन्ही कागद एका ठिकाणी लावून घ्या. दुसरी गोष्ट अशी, की पत्रात गाऱ्हाणे नाही. एका प्रश्नाला एक तारीख, एवढेच उत्तर मागितले आहे. ज्या पत्राला एका ओळीत उत्तर देता येते, त्याला उत्तर लवकर मिळते. "आम्हा गरिबांना कुणी वाली नाही" असे चार पाने लिहिलेले पत्र वाचून कारकुनालाही वाईट वाटते. पण त्याला उत्तर काय द्यायचे ते त्याला सुचत नाही, म्हणून तो ते बाजूला ठेवतो. हे मी मेजाच्या पलीकडे बसून पुष्कळदा पाहिले आहे.

पहिल्या स्मरणपत्राने काम झाले. 1 जुलैला फेरफार नोंद झाली आणि 3 जुलैला नोटीस मिळाली. आता पुतण्या पुन्हा अस्वस्थ. 8 जुलैला तो म्हणाला, "काकू, आठवडा झाला, दुसरे स्मरणपत्र देऊन टाकू." मी त्याला थांबवले. नोटिशीनंतरच्या 15 दिवसांत खुद्द तहसीलदार आले तरी नोंद प्रमाणित करता येत नाही, कारण ते दिवस हरकत घेणाऱ्याचे आहेत. या काळात दिलेले स्मरणपत्र फुकट जाते, आणि आपल्या दोनांपैकी एक वाया घालवते. दुसरी खबरदारी इथेच सांगून ठेवते. त्या 15 दिवसांत कुणा भाऊबंदाने हरकत घेतली असती, तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत, म्हणजे 6-अ मध्ये, गेले असते. मग स्मरणपत्रांचा मार्गच बंद. तिथे सुनावणीची तारीख लागते, आणि आपण पत्रे न लिहिता त्या तारखेला कागद घेऊन हजर राहायचे.

हरकत आली नाही. 15 दिवस 18 जुलैला संपले. 21 जुलैपासून कामाचे 7 दिवस मोजले, ते 29 ला पुरे झाले. त्या दिवशी नागपंचमी. ती सणाला माहेरी आली होती. दुसऱ्या दिवशी, 30 जुलैला, दुसरे स्मरणपत्र लिहिले. हे मात्र तलाठ्याला लिहिले नाही, कारण आता कागद मंडळ अधिकाऱ्याच्या सहीसाठी थांबला होता. पत्र नेहमी जिथे कागद आहे तिथे जावे, जिथे आपण पहिल्यांदा दिला तिथे नव्हे. त्यात दोन्ही जुने संदर्भ, फेरफार क्रमांक, नोटिशीची तारीख, आणि हरकतीची मुदत संपल्याचा उल्लेख.

याचे उत्तर आले नाही. पुन्हा कामाचे 7 दिवस, 8 ऑगस्टपर्यंत. इथे पुष्कळ बायका तिसरे, चौथे, पाचवे स्मरणपत्र लिहीत बसतात. माझे स्पष्ट मत आहे, की तिसऱ्या स्मरणपत्राने त्या मेजाला एकच गोष्ट कळते : ही बाई फक्त लिहिते, पुढे काही करीत नाही. कचेऱ्या स्वतः एकमेकींशी कशा वागतात ते पाहा. एक पत्र जाते, एक-दोन स्मरणपत्रे जातात, आणि तरीही उत्तर नाही आले तर अधिकारी दुसऱ्या अधिकाऱ्याला त्याच्या नावाने अर्धशासकीय पत्र लिहितो. म्हणजे तेही तोच कागद पुन्हा न पाठवता दार बदलतात. आपण अर्धशासकीय पत्र लिहू शकत नाही, पण दार बदलू शकतो.

11 ऑगस्टला तिने तहसीलदारांकडे अर्ज दिला. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. तारखांचा एक छोटा तक्ता होता : अर्ज, वारस नोंद, पहिले स्मरणपत्र, फेरफार, नोटीस, मुदत संपली, दुसरे स्मरणपत्र. खाली 2005 च्या कायद्याच्या 10व्या कलमाचा एका ओळीत उल्लेख, आणि तिन्ही पोच असलेल्या प्रती जोडलेल्या. वरच्या अधिकाऱ्याला काही शोधावे लागू नये, विचारावे लागू नये, असा तो कागद होता. 19 ऑगस्टला नोंद प्रमाणित झाली. 2 जूनपासून मोजले तर अकरा आठवडे आणि एक दिवस. एकूण कागद चार. त्यांतही दोन चकरा अशा होत्या, की ती नुसता प्रश्न विचारून परत आली आणि कागद दिला नाही.

प्रत्येकीचे काम असे होईलच असे नाही. तहसीलदारांकडूनही 30 दिवसांत काही कळले नाही तर काय, असे विचाराल. तेव्हा माहितीचा अधिकार, म्हणजे 2005 चाच दुसरा कायदा. 10 रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करायचा. त्यात "आमचे काम का केले नाही" असे विचारायचे नाही, कारण तो कायदा कागद दाखवतो, जाब देत नाही. अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली त्याच्या टिपणीची प्रत आणि आवक नोंदवहीच्या त्या पानाची प्रत मागायची. उत्तराला 30 दिवस. नाही आले तर पुढच्या 30 दिवसांत पहिले अपील. इथे स्मरणपत्र लिहिण्याची चूक मुळीच करू नये, कारण स्मरणपत्र लिहीत बसलात तरी अपिलाची मुदत थांबत नाही. तसेच ज्या सेवा 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित आहेत, त्यांचे दिवस आणि अपिलाचा अधिकारी कोण, हे कचेरीतल्या फलकावर लिहिलेले असते. त्या कामांना माझे 7 दिवसांचे माप लावू नका. फलकावरचे दिवस मोजा, आणि ते संपले की 30 दिवसांच्या आत सरळ अपील करा.

टपालाबद्दल थोडेसे. दूरच्या कचेरीला पत्र धाडायचे तर पूर्वी आपण रजिस्टर करीत असू. आता रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले आहे. तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा. आपले दिवस पत्र टाकल्यापासून मोजू नयेत. ते पोचल्याच्या दिवसापासून मोजावेत.

जाता जाता घरगुती पत्रांविषयी, कारण चिटणीसबाईंनी त्यांचीही आठवण करून दिली आहे. पाहुण्याला समारंभाचे आमंत्रण दिले आणि उत्तर नाही, तिथे 7 दिवस आणि 45 दिवस हे माप चालत नाही. तिथे समारंभाच्या तारखेपासून मागे मोजायचे. स्वयंपाकाचे सामान भरायला आठ दिवस लागत असतील, तर त्याच्या आधी आठ दिवस एकच स्मरण पाठवायचे, आणि त्यातच लिहायचे, "अमुक तारखेपर्यंत कळले नाही तर आपल्याला जमत नाही असे समजून आम्ही दुसरी व्यवस्था करू, राग मानू नये." त्या तारखेनंतर खरोखरच दुसरी व्यवस्था करावी. माणसांना दुसरे स्मरणपत्र नको. माणसे कचेरी नसतात, त्यांना आवक क्रमांक नसतो, आणि गप्प राहणे हेही पुष्कळदा त्यांचे उत्तरच असते.

मंडळाच्या कपाटात एक वही ठेवली आहे. तिच्यात अर्जाची तारीख, आवक क्रमांक, कागद कुठे आहे आणि पुन्हा कधी जायचे, असे चार रकाने आखले आहेत. ज्यांचे अर्ज कचेरीत आहेत त्यांनी आज चहा झाल्यावर आपापली ओळ भरून घ्यावी. मी तिथेच बसणार आहे. इतके बोलून आपली रजा घेते.